दहा कोरचा माझा, सहा कोरचा दादाचा: आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये, आंब्याच्या पेट्या निघायच्या आधी, मी आणि शेजारच्या घरातला चुलतभाऊ अशा दोघांनी एकाच आठवड्यात लॅपटॉप घेतले. देवगडला दोघांचीही कलमं आहेत आणि दोघेही थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतो, म्हणून कामही सारखंच. एक्सेलमध्ये ऑर्डरी, कुरिअरच्या चिठ्ठ्या, व्हॉट्सॲपवर टाकायचे फोटो. दोन्हींची किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण गोष्ट स्पेसिफिकेशन शीटची आहे. ती शीट मी वाचली होती, पण चुकीच्या ओळी.

मी पाहिलं ते असं: माझ्यात i5-1235U, दहा कोर, 16 जीबी रॅम. दादाच्यात i3-1215U, सहा कोर, 8 जीबी रॅम. एवढ्यावर मी दादाला आठवडाभर चिडवलं.

कोरचं आधी उरकतो. या दोन्ही प्रोसेसरांत मोठे, वेगवान कोर दोन-दोनच आहेत आणि दोन्हींचा कमाल वेग 4.4 गिगाहर्ट्झ आहे. फरक आहे तो लहान, वीज वाचवणाऱ्या कोरांचा. माझ्यात ते आठ, त्याच्यात चार. एक्सेल उघडणं, ब्राउजरमध्ये पानं चाळणं ही कामं मुख्यतः मोठ्या कोरांवर चालतात, त्यामुळे रोजच्या कामात मला दोघांत काही फरक कळला नाही. दोनशे फोटो एकदम लहान करायला घातले की माझा आधी सुटतो, हे मात्र खरं. आणि रॅममध्ये दादाला खरंच कमी पडलं. पण त्याच्या शीटवर ‘एक स्लॉट रिकामा’ असं लिहिलेलं होतं, मे महिन्यात त्याने आणखी 8 जीबीची पट्टी बसवून घेतली आणि विषय संपला. ती ओळ नसती आणि सगळी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असती, तर जन्मभर 8 वरच राहावं लागलं असतं.

आता स्क्रीन. माझ्या जाहिरातीच्या पानावर ‘15.6 इंच फुल एचडी, अँटी-ग्लेअर’ एवढंच होतं. दादाच्या पानावर ‘14 इंच, 400 निट्स, 100% sRGB’. मी म्हटलं, याचा लहान, माझा मोठा. निट्स म्हणजे स्क्रीन किती उजेड देते त्याचं माप, आणि sRGB म्हणजे वेबवरचे आणि फोनवरचे फोटो साधारण ज्या रंगांच्या पट्ट्यात बसवलेले असतात तो पट्टा. नंतर कंपनीच्या साइटवरून पूर्ण मॉडेल नंबर टाकून तपशीलवार शीट काढली, तेव्हा माझ्या स्क्रीनपुढे 250 निट्स आणि 45% NTSC असं दिसलं. या 45 आणि त्या 100 ची थेट तुलना करता येत नाही, कारण मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. साधारण 72% NTSC म्हणजे 100% sRGB. त्या हिशेबाने माझी स्क्रीन sRGB मधले जेमतेम साठ-बासष्ट टक्के रंग दाखवते.

एप्रिलमध्ये त्याचा दणका बसला. पिकलेल्या हापूसचे फोटो काढले, लॅपटॉपवर पाहिले तर फळ मेलेलं, मातकट. म्हणून रंग वाढवत गेलो, स्क्रीनवर केशरी छटा बरी दिसेपर्यंत. फोटो पाठवले आणि पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन, “अहो, यंदा आंब्याला रंग लावलात का?” फोनवर पाहिलं तर आंबे शेंदरासारखे पेटलेले. मूळ फोटोत खोट नव्हतीच. माझ्या स्क्रीनला तो केशरी दाखवताच येत नव्हता. तेव्हापासून फोटो दादाच्या लॅपटॉपवर नीट करतो, निदान पाठवण्याआधी फोनवर तरी बघतो.

मुख्य गोष्ट बॅटरीची. दोन्ही शीटवर ‘3 सेल’ लिहिलेलं, म्हणून मी दोन्ही बॅटऱ्या सारख्या धरल्या. सेलच्या संख्येवरून काही कळत नाही, बघायचा तो वॉट-अवरचा आकडा, शीटवर Wh असा छापलेला. माझी 42 Wh, दादाची 57 Wh. ‘9 तासांपर्यंत’ हा दावा तपासायचा तर साधा भागाकार करायचा. 42 भागिले 9 म्हणजे सरासरी साधारण 4.7 वॉट. इतक्या कमी विजेत लॅपटॉप चालतो तो फक्त मंद स्क्रीनवर, वायफाय बंद ठेवून व्हिडिओ लावल्यावर, आणि तळटीपेत बारीक अक्षरात तसंच लिहिलेलं होतं.

आपलं काम किती वीज खातं हे मोजणं सोपं आहे. पूर्ण चार्ज करून तासभर नेहमीचं काम केलं, तर माझी बॅटरी 24 टक्के उतरली. 42 च्या 24 टक्के म्हणजे तासाला दहा Wh, म्हणजेच दहा वॉट. म्हणजे नव्या बॅटरीवरही चार तासांच्या वर काही मिळणार नव्हतं. जूनमध्ये वाऱ्याने फांदी तारेवर पडली की लाईट सकाळी जाते आणि वायरमन चार वाजता उगवतो. तिथे चार आणि सहा तासांतला फरक फार मोठा ठरतो. दुपारी एकच्या सुमारास कुंपणापलीकडून हाक यायचीच, “काय रे, तुजो झोपलो काय?”

यातही स्क्रीनचा मुद्दा पुन्हा आडवा येतो. पडवीत दिवसा बसायचं तर मला ब्राइटनेस शंभर टक्के लागतो, आणि तसं केलं की खर्च बारा वॉटच्या घरात जातो, म्हणजे साडेतीन तास. दादाला तेवढाच उजेड अर्ध्याच्या थोडं वर ठेवून मिळतो. खळ्यात उन्हात मात्र 400 निट्सही कमीच पडतात, तिथे दोन्ही लॅपटॉप सारखेच निकामी.

गणपती झाल्यावर दोघांच्या बॅटऱ्यांची तब्येत पाहिली. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे लिहायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते, ती ब्राउजरमध्ये उघडते. त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे पाहायचे. माझे 42,000 आणि 37,800, म्हणजे दहा टक्के गेले. दादाचे 57,000 आणि 53,600, म्हणजे सहा टक्के. काम सारखं असलं तरी लहान बॅटरी जास्त वेळा पूर्ण रिकामी होते आणि जास्त वेळा भरावी लागते, म्हणून ती लवकर थकते. सुरुवातीचा फरक पंधरा Wh चा होता, आता जवळपास सोळाचा झालाय.

माझा लॅपटॉप वाईट नाही. घरात, चार्जर लावून, मोठ्या स्क्रीनवर हिशेब करायला छान आहे, कीबोर्डही दादाच्यापेक्षा मला आवडतो. परवा भाचीसाठी लॅपटॉप बघायला कणकवलीला गेलो, तेव्हा दुकानातल्या मुलाला आधी पूर्ण मॉडेल नंबर मागितला, कारण एकाच नावाखाली शेवटची दोन अक्षरं बदलली की स्क्रीन वेगळी येते. मग निट्स विचारले. तो म्हणाला, “फुल एचडी आहे काका.” शीट उघडली, स्क्रीनच्या ओळीत निट्सचा आकडाच नव्हता. चांगला आकडा असता तर छापला असता, असं धरून आम्ही पुढचा लॅपटॉप बघायला घेतला.