टेंडर ऑफर की खुल्या बाजारातून बायबॅक: शेअर न विकणाऱ्याचा हिशेब

कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याचा, म्हणजे बायबॅकचा निर्णय जाहीर केला की सगळ्यांचे लक्ष विकणाऱ्याला काय मिळणार याकडे जाते. माझ्या मते खरा हिशेब मागे राहणाऱ्याचा आहे, आणि दोन पद्धतींत तो बराच वेगळा निघतो.

टेंडर ऑफरमध्ये कंपनी बाजारभावाच्या वर एक किंमत ठरवते, मुदत देते आणि भागधारकांकडून शेअर मागवते. जास्त शेअर आले तर प्रमाणात स्वीकारते. खुल्या बाजारात ती इतर खरेदीदारांसारखीच दलालामार्फत चालू भावाने शेअर उचलते. तिथे किंमत आधी ठरलेली नसते, फार तर कमाल मर्यादा असते. भाव त्या मर्यादेच्या वर गेला की खरेदी थांबते. भाव कृत्रिमपणे फिरवल्याच्या आरोपापासून अमेरिकेतल्या टेन बी एटीन नियमाचे संरक्षण हवे असेल, तर कंपनीने बाजारातल्या इतरांची सर्वोच्च बोली आणि शेवटच्या सौद्याचा भाव यांपैकी जे जास्त असेल त्याच्या वर जायचे नाही, शिवाय दिवसाची खरेदीही सरासरी दैनंदिन उलाढालीच्या 25 टक्क्यांतच ठेवायची, असे बंधन आहे. म्हणून ही खरेदी महिनोन्‌महिने चालते. बहुतेकदा ती पूर्ण करण्याची सक्तीही नसते, त्यामुळे जाहीर रकमेपेक्षा प्रत्यक्ष खरेदीचा आकडा पाहावा.

आता उदाहरण. कंपनीचे 1,000 शेअर, भाव 100, आणि तेच तिचे खरे मूल्य धरू, म्हणजे एकूण 1,00,000. कर बाजूला ठेवू. बाजारातून 100 शेअर 100 ला घेतले तर 90,000 मूल्य 900 शेअरांत उरते, म्हणजे शेअरमागे पुन्हा 100. राहणाऱ्याचे काहीच जात नाही. तेच शेअर टेंडरमध्ये 120 ला घेतले तर 12,000 बाहेर जातात आणि शेअरमागे सुमारे 97.8 उरतात. विकणाऱ्याला मिळालेले जादा 20 राहणाऱ्यांच्या खिशातून गेले.

सगळ्यांनी सगळे शेअर दिले तर मात्र दहा शेअरवाल्याचा एक शेअर 120 ला जातो, नऊ 97.8 ला उरतात, आणि बेरीज पुन्हा 1,000 होते. निम्मेच शेअर आले तर देणाऱ्याचे दोन स्वीकारले जातात आणि त्याच्याकडे सुमारे 1,022 होतात. गप्प बसलेल्याकडे 978. म्हणजे टेंडरमध्ये फॉर्म न भरणे हाही तोट्याचा निर्णय ठरू शकतो. खुल्या बाजारात असा प्रश्न येत नाही.

पण खरे मूल्य 130 असेल तर चित्र उलटते. 120 चा टेंडर राहणाऱ्याला 131.1 पर्यंत नेतो आणि 100 ची बाजार खरेदी 133.3 पर्यंत. मूल्य 80 असेल तर दोन्हींत नुकसान, टेंडरमध्ये जास्त. म्हणून आधी कंपनीच्या मूल्याचा स्वतःचा अंदाज बांधा. ऑफर त्याहून वर असेल तर शेअर द्या, खाली असेल तर ठेवा. शेअर कमी झाल्यावर प्रति शेअर नफा सहसा वाढतो, ती वाढ पाहून हा निर्णय घेऊ नका.