तांबं, जीआय आणि मधलं पितळ: सांधा नेमका कसा करावा?

सोलरची तांब्याची नळी भिंतीतल्या जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, लाइनला जोडायची असेल, तर तीन मार्ग पुढे येतात. मधे पितळी निप्पल घालायचा, डायइलेक्ट्रिक युनियन बसवायचं, नाहीतर सीपीव्हीसीचा तुकडा टाकायचा. माझ्या एकाच बाथरूमवर हे तिन्ही प्रयोग झालेत. तुमच्याकडचं पाणी वेगळं असेल, पण आमच्या बोअरच्या खारट पाण्याचा अनुभव सांगतो.

सुरुवातीला मधे काहीच नव्हतं. गच्चीवरून बारा फूट तांबं खाली येई आणि भिंतीत शिरताना तीन इंची जीआय निप्पल होता. पाण्यात दोन धातू एकमेकांना चिकटले की त्यांच्यात बारीकशी वीज वाहते, आणि एक खातो, दुसरा खपतो. इथे खपतं ते जस्त, आणि जस्त संपलं की लोखंड. त्यात बारा फूट तांब्यापुढे तीन इंच निप्पल, म्हणजे सगळा मारा त्या एवढ्याशा तुकड्यावर. याउलट लांब जीआय लाइनवर एखादा पितळी कॉक असतो तेव्हा तोच मारा मोठ्या अंगावर पसरतो, म्हणून ते वर्षानुवर्षं चालतं.

निप्पल गेला तो आट्यांत. अर्धा इंची मध्यम जीआयची जाडी 2.6 मिमी. आटे पाडताना वरचं जस्त तर जातंच, शिवाय आट्याच्या तळाशी दीड मिमीसुद्धा पत्रा उरत नाही. टेफ्लॉन टेप पाणी अडवते, वीज नाही. आवळताना ती कापली जाते आणि धातूला धातू टेकतोच. खात्री करायची असेल तर मल्टिमीटर लावा, बीप वाजेल.

प्लंबरने पितळी निप्पल घातला. स्वस्त काम, अर्ध्या तासाचं. तांब्या-पितळेचं आपसात बरं जमतं, त्यामुळे तो निप्पल आजही धडधाकट आहे. पण दुखणं फक्त पुढे सरकलं: दोन वर्षांनी त्याला लागून असलेला जीआय एल्बो पाझरू लागला.

आणि या पाझराचा एक स्वभाव आहे, त्यानेच मला खरं पिडलं. तो मधेच थांबतो! थेंब आला की गंज आणि क्षार मिळून भोक बुजवतात आणि टाइलच्या सांध्यातली ओल चार दिवसांत सुकते. मी प्लंबरला बोलवावं, त्याने हात फिरवून म्हणावं, “काका, इथं तर कोरडं आहे.” पावसाळ्यात पुन्हा डाग पडला की सगळे बाहेरच्या भिंतीला दोष देणार. मीही एका वर्षी वॉटरप्रूफिंगवर पैसे घातले. खूण खरं तर समोर होती: पावसाच्या ओलीचा डाग मातकट असतो, हा तांबूस होता आणि कडेला पांढरी खपली. टाइल फोडली तेव्हा एल्बोच्या तोंडाशी गंजाची गाठ होती. स्क्रूड्रायव्हरने खरवडली आणि धार लागली.

मग डायइलेक्ट्रिक युनियन. वस्तू चांगली आहे, नाव ठेवणार नाही. आतला वॉशर आणि प्लास्टिकची बाही दोन्ही धातूंना वेगळं ठेवतात. मात्र लाइन रिकामी करून मीटर लावला तर बीप! युनियन ठीक होतं, पण दोन्हीकडचे पाइप एकाच लोखंडी पट्टीवर आवळलेले, त्यामुळे वीज पट्टीवरून फिरून जात होती. क्लॅम्प प्लास्टिकचे केले. पुढे गरम पाण्याने वॉशर कडक झाला आणि युनियन पुन्हा आवळावं लागलं. ते उघड्यावर होतं म्हणून निभावलं. भिंतीत गाडायचं असेल तर मी तरी धजावणार नाही.

आता तिथे फूटभर सीपीव्हीसी आहे, दोन्ही टोकांना पितळी आट्यांचे अडॅप्टर. जीआयला पितळ टेकतं खरं, पण ते नखाएवढं. तीन पावसाळे टाइलचा सांधा कोरडा आहे. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच.

दोन गोष्टी मात्र आधी पाहा. हा तुकडा सोलरच्या टाकीजवळ नको. उन्हाळ्यात पाणी वापरलं नाही तर तिथलं तापमान सीपीव्हीसीला झेपणारं नसतं. खाली, भिंतीत शिरण्याआधी टाका. दुसरं, तांब्यातून येणारं पाणी तांब्याचे कण घेऊन येतं, ते पुढच्या जीआयमध्ये बसून ठिकठिकाणी खड्डे पाडतात, आणि प्लास्टिकचा तुकडा त्यांना अडवत नाही. म्हणून बाथरूम फोडणारच असाल तर तुकड्यावर थांबू नका, पुढचं जीआयही काढा. जुन्या घरात कोणी पाइपलाच अर्थिंग जोडलेलं असेल, तर तेही याच तुकड्यापाशी तुटतं. पाइप कापण्याआधी वायरमनला दाखवून घ्या.