जुना लॅपटॉप ब्लूटूथ स्पीकर म्हणून: पावसाळ्यापासूनचा अनुभव

आमच्या ब्लूटूथ स्पीकरची बॅटरी ऐन पावसाळ्यात फुगली. सर्व्हिस सेंटरला नेला तर उत्तर मिळालं की नुसती बॅटरी मिळत नाही, आतला बोर्डच बदलावा लागेल. खर्च नव्या स्पीकरच्या निम्म्याहून जास्त. वर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, त्यापेक्षा नवीनच घ्या ना." आवाज खणखणीत, बॉडीला ओरखडा नाही, आणि एका बॅटरीपायी आख्खी वस्तू भंगारात टाकायची हे मला पटत नाही. नवा स्पीकर घ्यायचा नाही हे तिथेच ठरलं.

घरात कॉम्प्युटरच्या काळातले २.१ स्पीकर पडून होते. सबवूफर आणि दोन छोटे डबे, आवाज आजही दमदार. पण त्यांना फक्त वायरीची पिन आहे आणि माझ्या फोनला हेडफोनचं भोकच नाही. मध्ये काहीतरी हवं होतं जे फोनकडून ब्लूटूथने गाणं घेईल आणि वायरीने स्पीकरला देईल.

आधी जुना अँड्रॉइड फोन हाताशी घेतला, कारण त्याला पिनेचं भोक आहे. दोन्ही फोन जोडले जातात, फोटो जातो, फाइल जाते, गाणं मात्र वाजत नाही. कारण साधं आहे. ब्लूटूथवर संगीत पाठवणारा आणि घेणारा अशा दोन वेगळ्या भूमिका असतात आणि फोन फक्त पाठवणाऱ्याची भूमिका करतो. घेणाऱ्याची भूमिका करणारा भाग अँड्रॉइडमध्ये लिहिलेला आहे, गाडीतल्या स्क्रीनसाठी तो वापरतात, पण फोनमध्ये तो बंद ठेवलेला असतो. आयफोनचंही तेच, तोही घेणारा होत नाही. 'फोनचा स्पीकर बनवा' म्हणणारी जी ॲप चालतात, ती सहसा वाय-फायवरून चालतात. दोन्ही फोन एकाच वाय-फायवर असतील तर ती कामाची आहेत, पण मग ते ब्लूटूथ नव्हे.

लॅपटॉपवर मात्र हे जमतं. विंडोज ७ मध्ये ही सोय होती, विंडोज ८ मध्ये काढून टाकली आणि विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटमध्ये, म्हणजे 2004 या आवृत्तीत, परत आणली. आपली आवृत्ती बघायची तर विंडोज आणि R दाबून `winver` टाइप करा. पण सोय परत आणली तरी तिला सेटिंगमध्ये बटण दिलं नाही, त्यामुळे आपल्याकडे ती आहे हेच अनेकांना माहीत नसतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून Bluetooth Audio Receiver हे छोटं फुकट ॲप घ्यायचं, फोन नेहमीसारखा लॅपटॉपशी जोडायचा, मग ॲपमध्ये फोनचं नाव निवडून Open Connection दाबायचं. पुढचं गाणं लॅपटॉपमधून, म्हणजे माझ्या २.१ स्पीकरमधून. ॲप बंद केलं की गाणंही बंद, म्हणून ते खाली मिनिमाइज करून ठेवावं लागतं. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये यासाठी Power Options मध्ये "Choose what closing the lid does" इथे Do nothing केलं. आता लॅपटॉप मिटून कपाटाच्या वर असतो.

पहिले काही आठवडे मी या जुगाडावर वैतागलो होतो आणि तेव्हा लिहिलं असतं तर "वेळ घालवू नका" असंच लिहिलं असतं. गाणं तुटायचं. खरखर नाही, आवाज कमी-जास्त नाही, सरळ तुकडा गायब. आई सकाळी अभंग लावते. गायकाने तान घेतली, ती वर चढतेय, आणि नेमका मधला घास कुणीतरी काढून घेतल्यासारखा थेट शेवटचा सूर. तेसुद्धा रोज नाही. एखाद्या सकाळी तासभर स्वच्छ, संध्याकाळी दर मिनिटाला तूट. लॅपटॉप म्हातारा झालाय असा सगळ्यांचा निष्कर्ष होता. मला तो मान्य नव्हता, कारण ब्लूटूथवरून येणारं गाणं सेकंदाला सहसा सव्वातीनशे किलोबिटच्या आसपास असतं. एवढं काम दहा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरलाही जड नाही.

एका संध्याकाळी तूट सुरू असताना Task Manager उघडला. प्रोसेसर निवांत, आणि वाय-फायचा आलेख मात्र वर चढलेला. विंडोज मागे अपडेट उतरवत होतं. लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं आणि पुढचं पूर्ण गाणं अखंड वाजलं. चालू केलं, परत तूट. बंद केलं, परत स्वच्छ. खात्री पटली.

कारण असं की बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, अनेकदा अँटेनाही तीच. आपलं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर दोघं एकाच पट्ट्यात बोलतात आणि आळीपाळीने वेळ वाटून घेतात. मोठं डाउनलोड सुरू झालं की ब्लूटूथची पाळी लांबते, गाण्याचा पुढचा तुकडा वेळेत पोहोचत नाही आणि तेवढा आवाज गळतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ असेल तर लॅपटॉप त्यावर टाकावा, वाद मिटतो. माझ्या लॅपटॉपचं कार्ड तेवढं नवीन नाही, म्हणून मी त्याचं वाय-फायच कायमचं बंद ठेवलंय. गाणं फोन स्वतःच्या नेटवर आणतो, लॅपटॉपला इंटरनेटची गरजच नाही. तेव्हापासून आईचे अभंग सलग चालू आहेत आणि माझं मत पार बदललंय.

तूट वाय-फाय बंद असतानाही राहिली तर यूएसबी ३ च्या भोकात काही खोचलंय का बघा. तिथली पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क काम करत असताना याच २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. माझ्याकडे डावीकडच्या भोकात बॅकअपची डिस्क लावली की तूट, काढली की थांबते. लांब वायर लावून डिस्क बाजूला ठेवली तरी फरक पडतो.

आवाज तीन ठिकाणी असतो, फोनवर, लॅपटॉपवर आणि स्पीकरवर. फोनचा आणि लॅपटॉपचा जवळपास पूर्ण ठेवून स्पीकरच्या बटणाने कमी-जास्त करावा, उलट केलं तर आवाज फुसका येतो आणि स्पीकरची घूं ऐकू येते. फोनच्या ब्लूटूथ यादीत लॅपटॉपच्या नावासमोरच्या चाकात गेल्यावर "फोन कॉल" वेगळं दिसत असेल तर ते बंद करून फक्त मीडिया ऑडिओ चालू ठेवावा.

रोज Open Connection दाबण्याचा कंटाळा मला विंडोजवर टाळता आला नाही. मेव्हण्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, तिथे कुठलंच ॲप लागलं नाही. फोन जोडला, ब्लूटूथ मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक करून Trust केलं, की फोनवरून जोडताच गाणं लॅपटॉपमधून वाजतं. जुन्या लॅपटॉपवर दुसरं काही काम नसेल तर मिंटच टाकावं.

बाजारात काही शेकड्यांत ब्लूटूथ रिसीव्हरची डबी मिळते. लॅपटॉप विकत घेऊन हे करण्यात अर्थ नाही, पण ज्याच्याकडे तो पडून आहे त्याने ती डबी का घ्यावी? दोन गोष्टी मात्र याच्याकडून मागू नका. गेम खेळताना गोळीचा आवाज उशिरा येणार. आणि लॅपटॉपने फोनकडून ब्लूटूथने घेऊन पुढे ब्लूटूथच्याच हेडफोनला द्यायचं म्हटलं तर एकाच रेडिओवर दुप्पट ओझं पडतं आणि तूट परत येते. पुढची जोडणी वायरीचीच ठेवा.