विहिरीचा दोर: चार प्रकार वापरून झाल्यावरचा अनुभव

गेल्या चैत्रात भर दुपारी पोहरा काठाशी येता येता दोर तुटला. आमची विहीर खानापूरच्या बाजूला, तांबड्या मातीत. उन्हाळ्यात पाणी 55 फुटांवर जातं आणि थ्री फेज नसली की गुरांना, मिरचीच्या रोपांना रहाटानंच शेंदावं लागतं. पोहरा 15 लिटरचा, पाण्यासकट फार तर 17 किलो. दोर घेताना दुकानदार म्हणाला होता, "नायलॉन आहे, ट्रॅक्टर ओढेल." तो आठ महिन्यांत गेला.

दिरांनी गळ टाकून पोहरा काढला तेव्हा बघितलं तर तुटलेला दोर पाण्यावर तरंगत होता. तिथंच कळलं की हा नायलॉन नव्हेच. खरा नायलॉन पाण्यापेक्षा जड, तो बुडतो. पॉलिस्टर त्याहून जड. तरंगतो तो पॉलिप्रॉपिलीन, आपल्याकडं सर्रास नायलॉन म्हणून विकला जाणारा प्लास्टिकचा दोर. त्याला ऊन सोसत नाही. आमचा तुटला तोही काठावर वेटोळं होऊन उन्हात पडायचा त्याच भागात. तिथं बोट फिरवलं तर धाग्यांची पूड हाताला लागत होती. दुकानात जाऊन तुकडा दाखवला तर उत्तर मिळालं, "सगळे ह्यालाच नायलॉन म्हणतात की वो वहिनी." पैसे परत नाहीत. तेव्हापासून मी दोर घेताना वीतभर तुकडा मागून घेते, बादलीत पाण्याखाली दाबून हवा काढते आणि सोडते. वर आला की उठते.

मग खरा नायलॉन आणला, 12 मिलिमीटरचा. मजबुतीला तोड नाही, पण एवढ्या वजनाला मजबुतीचा प्रश्नच नसतो. तो रबरासारखा ताणतो. भरलेला पोहरा पाण्याबाहेर आला की झोके घेत वर येतो, दगडाला आपटतो, पाणी सांडतं. भिजला की त्याची ताकद थोडी कमी होते, तेही चाललं असतं. बारीक दोरानं तळहाताला वळ उठायला लागले, म्हणून तो शेवटी बैलगाडीच्या कामाला दिला.

सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, सुंभाचा आण. त्याआधी स्वस्तात मिळाला म्हणून मी तागाचा लावून बघितला, तो पावसाळ्यात दीड महिन्यात संपला. वरून ठीक दिसत होता. पीळ उलगडला तर आत काळा, कुबट वास, आणि धागे चिमटीत तुटत होते. रोज भिजणं नि सुकणं तागाला अजिबात झेपत नाही.

मग सुंभाचा, म्हणजे काथ्याचा दोर आणला, आणि त्याच्याबद्दल मात्र माझं मत बदललं. मी त्याला जुनाट समजत होते. ओल्या हातातही तो निसटत नाही, पाण्यानं तागासारखा लवकर कुजत नाही, गाठ एकदा बसली की बसली. पण ताकद कमी म्हणून अंगठ्यापेक्षा जाड घ्यावा लागतो, मग आमच्या कप्पीच्या खाचेत तो बसेना, कडेला घासून त्याचे तंतू पाण्यात पडायला लागले. कप्पी रुंद असती तर आजही तोच ठेवला असता.

दसऱ्याला 14 मिलिमीटरचा विणीचा पॉलिस्टर आणला. पिळाच्या दोराला वजन लागलं की पीळ सुटू बघतो आणि पोहरा गरगर फिरतो. विणीच्याचं तसं होत नाही. ताण कमी, भिजून ताकद जात नाही, ऊनही बरंच सोसतो. पहिला महिना मला तो आवडला नाही, साबणासारखा निसटायचा. दोनदा तर कडीची गाठच सुटली आणि पोहरा तळाला गेला. काथ्याला चालणारी साधी गाठ ह्या गुळगुळीत दोराला धरत नाही. आता कडीला दोन पूर्ण वेढे, वर दोन गाठी, आणि राहिलेलं वीतभर टोक मूळ दोराला सुतळीनं बांधते. टोक मेणबत्तीवर वितळवून घेते, म्हणजे वीण उसवत नाही. दोन महिन्यांनी वरच्या धाग्यांवर बारीक लव आली आणि पकड आपोआप सुधारली. ही लव बघून झिजला समजून टाकू नका. धागे तुटून वीण पोकळ लागली, तरच बदलायचा.

पैशाचं एक सांगते. दोर किलोवर विकतात. पॉलिस्टर जड, त्यामुळं त्याच जाडीचा एक किलो घेतला तर प्लास्टिकच्या दोन तृतीयांश लांबीच येते. मला 70 फूट लागतो. किलोच्या भावावरून प्लास्टिक स्वस्त वाटतं, फुटावर तर आणखीच स्वस्त पडतं, पण ते आठ महिन्यांत गेलं. ह्याला सहा महिने झाले, आणि झीज आहे ती फक्त कडीच्या गाठीपाशी. दर दोन महिन्यांनी तिथलं फूटभर कापते आणि नव्यानं बांधते, म्हणून 70 फुटांवर पाच फूट जादा घेतला होता. त्यातला दोन फूट अजून शिल्लक आहे.