मिठाचा डबा पाझरला: ‘३०४’ म्हणून घेतलेल्या स्टीलच्या सेटचे अकरा महिने

सेट घेतला तेव्हा मिठाचा डबा फुकट मिळाला होता. पाच पातेली, दोन कढया, ताकाची एक उंच बरणी, आणि दुकानदाराने हसत हसत वर ठेवलेला झाकणाचा डबा. ‘घ्या साहेब, वहिनींना मीठ ठेवायला.’ गेले चार महिने माझी सगळी भांडणं या फुकटच्या डब्यावरून चालली आहेत. बाकीच्या भांड्यांबद्दलही लिहितो, पण डोकं फिरवलंय ते या डब्यानेच.

आम्ही चिपळूणचे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे मीठ म्हणजे खारट चिखल असतो. ऑगस्टमध्ये ओट्यावर डब्याखाली तपकिरी गोल डाग दिसला. आधी वाटलं गुळाचा असेल. पुसला, दोन दिवसांत परत उमटला. डबा रिकामा करून उजेडाकडे धरला तर बुडातून टाचणीच्या टोकाएवढे तीन उजेडाचे ठिपके दिसले. स्टीलच्या डब्याला सात महिन्यांत आरपार भोकं! किलोमागे दीडशे रुपये जास्त दिले होते ते ‘३०४ आहे, गंजणार नाही’ या एका वाक्यासाठी. प्रत्येक भांड्याच्या बुडावर ३०४ असा, म्हणजे जास्त निकेलच्या महाग स्टीलचा, ठसाही आहे.

दुकानदाराचं पहिलं उत्तर: ‘तुमची बाई लोखंडी तारेच्या घासणीने घासत असेल.’ राग आला, पण हे उत्तर अगदीच खोटं नसतं. तारेच्या घासणीचे बारीक कण स्टीलमध्ये रुततात आणि ते गंजतात. भांडं चांगलं असलं तरी डाग पडतो. फरक ओळखायला सोपा आहे. लिंबूफूल कोमट पाण्यात घालून त्या पाण्याने डाग चोळायचा. कणांचा गंज असेल तर निघतो आणि खाली पुन्हा चकाकी दिसते. स्टीलच खाल्लं गेलं असेल तर काळा ठिपका राहतो, त्यावरून सुई फिरवली की ती अडकते आणि आठवड्यात तिथेच परत तपकिरी येतं. माझ्या डब्यात सुई अडकत होती. तीन ठिकाणी तर पलीकडे जात होती.

हे सांगितल्यावर तो चुंबक घेऊन आला. ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल.’ बाजारात ही सगळ्यात चालणारी परीक्षा आणि सगळ्यात कुचकामी. चुंबक न चिकटणं हे ३०४ चं लक्षण आहे, तसंच २०० सिरीजच्या स्वस्त स्टीलचंही आहे. त्यातल्या निकेलची जागा मॅंगनीजने घेतलेली असते, तरीही चुंबक चिकटत नाही. उलट खऱ्या ३०४ च्या पातेल्याच्या काठाला, जिथे पत्रा खूप ओढलेला असतो, चुंबक थोडा ओढला जातो. म्हणजे या परीक्षेत चांगलं भांडं नापास आणि स्वस्त पास.

मग मी चिपळूणजवळच्या लोटे गावी गेलो. तिथल्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. कारखान्यांचे जुने पाइप आणि टाक्या घेणाऱ्या भंगारवाल्यांकडे धातू वाचणारी गन असते, कारण ३०४ आणि त्याहून महाग ३१६ यांच्या भावात फरक असतो आणि चूक परवडत नाही. एका ओळखीच्याने डबा, सेटमधलं एक पातेलं आणि आईचं जुनं पातेलं (१९८४ च्या लग्नातलं, कडेला मामाचं नाव कोरलेलं) असं तिन्ही तपासून दिलं. गन टेकवायची, काही सेकंद थांबायचं, आकडे येतात. डबा: क्रोमियम १४.२ टक्के, मॅंगनीज ९.८, निकेल ०.९, तांबं १.६. सेटमधलं पातेलंही जवळपास तेच. आईचं पातेलं: क्रोमियम १८.१, निकेल ८.२, मॅंगनीज १.३. खरं ३०४ ते. भंगारवाला म्हणाला, ‘हे जेफोर आहे, २०० सिरीजमधलंच. भांड्यांत सगळीकडे हेच चालतं.’ मग डब्यावर टेस्टिंगच्या द्रवाचा थेंब टाकून बॅटरीची वायर लावली. थेंब लाल झाला. मॅंगनीज जास्त असलं की तो असा लाल होतो. आईच्या पातेल्यावर तसा रंग आलाच नाही.

इथपर्यंत हा रिव्ह्यू एका ओळीचा होता: फसवणूक, विष, कचऱ्यात टाका. घरी आल्यावर आईने विचारलं, ‘कळकतं का रे यात?’ पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की ताक, आमटी कळकायची. त्यामुळे तिच्या पिढीला स्टीलच्या नव्या पातेल्यातलं कोकमाचं सारही आधी संशयाचंच. तिला मी ठामपणे ‘हो’ म्हणालो. आता तेवढा ठाम नाही.

कारण नंतर वाचत बसलो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये स्टेनलेस स्टीलमध्ये टोमॅटो सॉस तासन्‌तास शिजवून पाहिला. सहा तासांनी सॉसमधलं निकेल २६ पटींपर्यंत वाढलं होतं. आकडा वाचून मी ताडकन उठलो, पण पुढचं जास्त कामाचं निघालं. तेच स्टील पुन्हा पुन्हा वापरलं तसं उतरणारं प्रमाण घटत गेलं आणि सहाव्या वेळेनंतर स्थिरावलं. दहाव्या वेळी १२६ ग्रॅम सॉसमध्ये सरासरी ८८ मायक्रोग्रॅम निकेल आणि ८६ मायक्रोग्रॅम क्रोमियम उतरलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये निकेलसाठी रोजची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे १३ मायक्रोग्रॅम धरली. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७८०. सहा तास सार कोण उकळतं? आमच्याकडे पंधरा मिनिटांत गॅस बंद.

गंमत अशी की निकेल उतरायला भांड्यात निकेल हवं. ते माझ्या ‘बनावट’ पातेल्यात एक टक्कासुद्धा नाही, आणि आईच्या खऱ्या ३०४ मध्ये आठ टक्के आहे. बायकोचे कान खोट्या कानातल्यांनी पिकतात, तिला निकेल सहन होत नाही. वरची मर्यादा अशा लोकांसाठी नाही, त्यांना कमी प्रमाणानेही खाज उठू शकते. मी तिच्यासाठी महाग ३०४ च्या शोधात होतो, आणि निकेल जास्त असतं ते त्यातच. तिच्या आंबट पदार्थांसाठी शेवटी काचेचं भांडं घेतलं. बिननिकेलचं ४३० हाही पर्याय आहे, त्याला चुंबक घट्ट चिकटतो, पण मिठापुढे तेही फार टिकत नाही. (काजू आणि डाळींतही निकेल असतं हे तिला अजून सांगितलेलं नाही. घर काजूच्या बागेत आहे.)

याचा अर्थ स्वस्त स्टीलमधून काही उतरत नाही असा नाही. कुठल्याही स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर. हवेतला ऑक्सिजन लागला की तो आपोआप बनतो आणि खरवडला तरी पुन्हा धरतो. क्रोमियम १४ टक्क्यांपर्यंत घसरलं की हा थर कमजोर होतो. चिंच, कोकम, टोमॅटोचा आंबटपणा सगळ्या पृष्ठभागावरून थोडं थोडं काढतो, थर बऱ्यापैकी तग धरतो. मीठ वेगळ्या चालीचं. मिठातलं क्लोराइड एखाद्या कमजोर जागी थर फोडतं आणि तिथे खड्डा पडतो. खड्ड्याच्या आत पाणी साचतं, ऑक्सिजन पोचत नाही, धातू विरघळून आतलं पाणी आम्लधर्मी होतं, मग आणखी क्लोराइड आत ओढलं जातं. खड्डा रुंद न होता खोल जातो. पावसाळ्यात डब्याच्या बुडाशी ओलं मीठ एका जागी बसून होतं, पातळ पत्र्याला यापेक्षा वाईट काही नाही. ३०४ चा डबा तिथे जास्त टिकला असता, पण कायम टिकला असता असं मी छातीठोक म्हणणार नाही. मिठाच्या आणि समुद्रालगतच्या कामाला ३१६ वापरतात ते उगाच नाही.

बाकीच्या सेटमध्ये एक गोष्ट आमच्याच चुकीची निघाली. एका पातेल्याच्या तळाला बारीक टोचल्यासारखे ठिपके होते. बायको भाताच्या थंड पाण्यात आधीच खडेमीठ टाकायची. न विरघळलेला खडा तळाला बसतो आणि तिथेच काम सुरू होतं. आता पाणी उकळल्यावर मीठ टाकून ढवळते. तीन महिन्यांत नवा ठिपका नाही. लोणचं, सोलकढी, मिठाची आमसुलं यात रात्रभर ठेवायचं मात्र पूर्ण बंद. त्यात मीठ आणि आंबट दोन्ही असतं, आणि वेळही भरपूर. एकदा ताकाच्या बरणीत उरलेली सोलकढी सकाळी चाखली, जिभेला नाणं चाटल्यासारखं लागलं. आई म्हणाली, ‘कळकलंच.’ तिच्याशी वाद घातला नाही.

एक माझं मत पूर्ण बदललं ते लिहायलाच हवं. मला वाटायचं २०० सिरीज म्हणजेच भेसळ. तसं नाही. कमी निकेलच्या भांड्यांच्या पत्र्याला आपल्याकडे आयएस १५९९७ हे वेगळं मानकच आहे. वरण, दूध, चहा, पोळ्यांचं पीठ यांना जेफोर चालतं, आणि अकरा महिन्यांत माझ्या दुधाच्या पातेल्याला ओरखड्यापलीकडे काही झालेलं नाही. गुन्हा आहे तो त्यावर ३०४ चा ठसा मारून दीडशे रुपये जास्त घेण्यात. ठसा कोणीही मारतो. आयएसआय खुणेखाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो BIS Care ॲपमध्ये टाकला की उत्पादक कोण ते कळतं. स्टीलच्या भांड्यांना ही खूण सक्तीची करणारा आदेश १४ मार्च २०२४ चा आहे. माझ्या सेटवर क्रमांकच नव्हता आणि मी घेताना पाहिलंही नव्हतं.

गनच्या आकड्यांचा फोटो दाखवल्यावर दुकानदाराचा सूर बदलला. पैसे परत नाही, पण ‘डबा बदलून देतो.’ म्हटलं, दे. नवा डबा घेऊन परत लोट्याला गेलो, पेट्रोल वेगळं. क्रोमियम १४.४, मॅंगनीज ९.५. ठसा मात्र आता जास्त ठळक आहे.

मीठ सध्या आजीच्या चिनी मातीच्या बरणीत, लाकडी चमच्यासकट. नव्या डब्यात कपड्यांचे चिमटे. गुण द्यायचे तर पातेल्यांना पाचपैकी साडेतीन, ताकाच्या बरणीला दोन. डब्याला शून्य दिलं तर बायको म्हणाली, ‘फुकट होता ना? मग एक तरी द्या.’ बरं, एक.