‘आपला’ की ‘स्वतःचा’? इतिवृत्त लिहिणाऱ्यासाठी

दोन्ही आत्मवाचक सर्वनामं आहेत आणि दोन्ही वाक्यातल्या कर्त्याकडे बोट दाखवतात, एवढं शाळेत झालेलं आहे. प्रश्न वापराचा आहे. सोसायटीचं इतिवृत्त, नोटीस, तक्रारअर्ज असं काही लिहिताना ‘त्यांनी आपली गाडी काढली’ लिहावं की ‘स्वतःची गाडी काढली’? मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आल्यापासून ही निवड मला वारंवार करावी लागते. कथा-कविता लिहिणाऱ्यांनी माझं म्हणणं फार मनावर घेऊ नये. त्यांची गरज वेगळी.

‘आपला’ वाचायला गोड आहे, हे आधी मान्य करतो. ‘खजिनदारांनी आपला अहवाल वाचून दाखवला’ या वाक्यात कुठेच अडखळायला होत नाही. तिथे ‘स्वतःचा अहवाल’ लिहून बघा. लगेच वाटतं, एरवी हे गृहस्थ दुसऱ्याचा अहवाल वाचतात की काय! ‘स्वतःचा’ या शब्दात मालकीवर जोर येतो, आणि जोर आला की समोर कोणीतरी ‘दुसरा’ उभा राहतो. ‘तिने स्वतःच्या आईला फोन केला नाही’ हे वाक्य टोमणा मारल्यासारखं ऐकू येतं. ‘आपल्या आईला’ म्हटलं की ती नुसती माहिती होते. एकच क्रियापद आणि एकच माणूस असेल, तर मीही बहुतेक वेळा ‘आपला’च लिहितो.

बोलताना आपण यातलं काहीच वापरत नाही, ‘त्यांनी त्यांचा अहवाल वाचला’ म्हणून मोकळे होतो. बोलण्यात ते चालतं, कारण समोर माणसं बसलेली असतात. कागदावर, आधीच्या ओळीत अध्यक्ष येऊन गेले असतील, तर ‘त्यांचा’ म्हणजे अध्यक्षांचा की खजिनदारांचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून तृतीय पुरुषात आत्मवाचकाची गरज खरी. ‘मी’ आणि ‘तू’ला ती जवळजवळ नाही. ‘मी माझा फॉर्म भरला’ हीच सरळ मराठी. मुंबईत ‘मी आपला फॉर्म भरला’ असं लिहिलेलं दिसतं, त्यामागे बहुधा ‘मैंने अपना’ आहे. हिंदीत तिथे ‘अपना’च लागतो. जुन्या पुस्तकी मराठीत ‘मी आपले काम करतो’ सापडतं, त्यामुळे चूकच म्हणत नाही. पण ‘मी आपला गप्प बसलो’ यातल्या ‘आपला’चा फॉर्मशी काही संबंध नाही, तो मालकी सांगत नाही, नुसता बिचारेपणा सांगतो.

कर्ता ओळखण्यात मात्र दोघं बरोबरीचे आहेत, आणि व्याकरणाच्या पुस्तकातला ‘प्रथमेतला कर्ता’ दोघांनाही बांधत नाही. ‘सचिवांना आपली चूक कळली’ या वाक्यात क्रियापद चुकीप्रमाणे चालतं, ‘सचिवांना’ हे चतुर्थीत आहे, तरी ‘आपली’ म्हणजे सचिवांची. तिथे ‘स्वतःची चूक’ लिहा, उत्तर तेच. आणि ‘अध्यक्षांनी सचिवांना आपलं पत्र दाखवलं’ यात सचिवही चतुर्थीतच आहेत, पण पत्र अध्यक्षांचं, कारण इथे दाखवणारे ते आहेत. म्हणजे विभक्तीचा प्रत्यय बघून चालत नाही. वाक्यात ज्याच्याकडून काही घडतं किंवा ज्याला काही कळतं-वाटतं, त्याच्याकडे हे दोन्ही शब्द वळतात.

इथवर कोणीही ‘आपला’च निवडेल. माझं मत फिरलं ते इतिवृत्ताच्या जुन्या वहीतल्या एका वाक्याने. पावसाळ्यात पंप जळाला होता, दुरुस्ती तातडीने झाली होती, आणि आधीच्या कोणीतरी लिहून ठेवलं होतं:

‘सचिवांनी सांगितले की खजिनदारांनी आपल्या खात्यातून पैसे भरले.’

कोणाच्या खात्यातून? हे इतिवृत्त पुढच्या सभेत कायम करायला घेतलं तेव्हा तीन मतं निघाली. काही जण म्हणाले, खजिनदारांच्या. पैसे त्यांनी भरले, खातं त्यांचं, आता ते त्यांना परत द्या. काही जण म्हणाले, सचिवांच्या. सांगणारे ते आहेत, म्हणजे ते स्वतःबद्दलच सांगत असणार. आणि मागच्या रांगेतून आवाज आला, ‘आपल्या म्हणजे आपल्या, सोसायटीच्या!’ हा तिसरा अर्थ सगळ्यांत त्रासदायक, कारण तो खरा मानला तर कोणालाच काही परत द्यायचं नाही. चेकबुक मागवून प्रश्न सुटला, व्याकरणाने नव्हे. तिन्ही पक्षांचं मराठी शुद्ध होतं.

असं का होतं, ते ‘की’मुळे कळतं. ‘की’ ही वाक्यातली भिंत आहे असं धरा. अलीकडे सांगणारे सचिव, पलीकडे भरणारे खजिनदार. ‘स्वतः’ ही भिंत ओलांडत नाही. पलीकडे लिहिलं की पलीकडच्याच कर्त्याला धरतं. ‘आपण’, ‘आपला’ मात्र ओलांडतात. किंबहुना ‘आपल्याला’ हे कर्म म्हणून आलं तर त्याला ओलांडावंच लागतं. ‘संजय म्हणाला की विजयने स्वतःला फसवलं’ यात फसलेला विजय. ‘संजय म्हणाला की विजयने आपल्याला फसवलं’ यात फसलेला संजय. विजय असूच शकत नाही. एकाच जागेवर बसवलेले दोन शब्द दोन वेगळी माणसं उचलतात. मराठीतल्या या जोडीवर भाषाशास्त्रज्ञ काशी वाली यांनी १९७९ सालीच लिहिलं होतं. आत्मवाचक सर्वनामाला आपला धनी जवळच, त्याच उपवाक्यात सापडला पाहिजे, असा सर्वसाधारण नियम मांडला जातो. त्यात ‘स्वतः’ नीट बसतं आणि ‘आपण’ बसत नाही.

षष्ठीत ‘आपला’ आणखी सैल होतो. ‘आपल्याला’ निदान जवळच्या कर्त्याला वगळतं. ‘आपल्या खात्यातून’ जवळच्यालाही घेतं, लांबच्यालाही घेतं. त्यात भर म्हणजे ‘आपण’ला मराठीने आणखी दोन कामं दिली आहेत: ‘तुम्ही-आम्ही मिळून’ आणि आदरार्थी ‘तुम्ही’. मुंबईत चौथंही आहे. ‘आपल्याला नाय जमणार’ म्हणणारा फक्त स्वतःबद्दल बोलत असतो. इतिवृत्तात हे सगळे अर्थ एकाच वेळी जिवंत असतात, कारण इतिवृत्त म्हणजे पानभर ‘यांनी सांगितले की’, ‘त्यांनी विचारले की’, आणि वाचणारे स्वतःच त्या ‘आपण’चे सभासद. नोटिशीतही तेच: ‘सभासदांनी आपल्या पार्किंगमध्ये गाडी लावावी.’ ज्याला कुठेही लावायची आहे तो म्हणणार, सगळं पार्किंग आपलंच आहे.

आता पंपाच्या वाक्यात एकच शब्द बदला: ‘सचिवांनी सांगितले की खजिनदारांनी स्वतःच्या खात्यातून पैसे भरले.’ खातं खजिनदारांचं, वाद नाही. जो जोर मगाशी अहवालाच्या वाक्यात खटकत होता, तोच इथे हवा आहे. स्वतःच्या, म्हणजे सोसायटीच्या नव्हे.

तरी ‘स्वतः’वर आंधळा भरवसा नको. पहिली अडचण त्याच गुणातून येते. खातं सचिवांचं असेल तर ‘स्वतःच्या’ लिहून ते सांगताच येणार नाही, कारण तो शब्द भिंतीपलीकडे सचिवांपर्यंत पोहोचत नाही. तिथे मी सरळ ‘सचिवांच्या खात्यातून’ असं पद पुन्हा लिहितो. वाक्य जड होतं, होऊ दे. सोसायटीचं असेल तर ‘सोसायटीच्या’ लिहितो.

दुसरी अडचण ‘की’ नसलेल्या वाक्यांची. ‘सचिवांनी वॉचमनला स्वतःची खोली साफ करायला सांगितली.’ इथे सांगणारे सचिव आणि साफ करणारा वॉचमन दोघंही कर्त्यासारखे, मध्ये भिंत नाही. माझ्या कानाला खोली वॉचमनची वाटते; घरी विचारलं तर उत्तर सचिवांची आलं, वर ‘कसला माणूस आहे’ हा शेराही. अशा वेळी वाक्य मोडून ‘की’ घालावा: ‘सचिवांनी सांगितले की वॉचमनने स्वतःची खोली साफ करावी.’ आता ती खोली सचिवांची होऊ शकत नाही.

तिसरी, सुटं ‘स्वतः’. ‘सचिवांनी स्वतः बिल भरले’ याचा अर्थ ते जातीने जाऊन भरून आले, की खिशातून भरले? पैशांचा विषय असेल तर मी सुटं ‘स्वतः’ टाळतो आणि ‘स्वखर्चाने’ लिहितो.

अनेकवचनात मात्र ‘आपला’च्या घरातला एक शब्द ‘स्वतःचा’ला मागे टाकतो, तो म्हणजे ‘आपापला’. ‘सभासदांनी आपापल्या जागेत गाड्या लावाव्यात’ यात प्रत्येकाची वेगळी जागा आली, आणि ‘आपापल्या’चा अर्थ कोणी ‘तुमच्या’ किंवा ‘आपल्या सगळ्यांच्या’ असा घेऊ शकत नाही. ‘स्वतःच्या जागेत’ लिहिलं तर अर्थ कळतो, पण दरडावल्यासारखं वाटतं, आणि पार्किंगच्या नोटिशीला तेवढं निमित्त पुरतं. नोटिशीत मी ‘आपापल्या’ लिहितो, इतिवृत्तात ‘की’नंतर ‘स्वतःच्या’.

टाइप करणाऱ्यासाठी एक बारीक गोष्ट. बरेच जण ‘स्वतः’मधला विसर्ग न शोधता अपूर्णविरामाचं चिन्ह ठोकतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाला ती वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे जुन्या इतिवृत्तांच्या फायलींत ‘स्वतःच्या’ शोधलं तर निम्म्या जागा सापडतच नाहीत. मी एकदा शोधून-बदलून सगळीकडे विसर्ग करून घेतला. ‘आपला’ला ही कटकट नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.