आईच्या पॉलिसीचे 30 दिवस कुणी मोजले?

आईची 1 लाखाची ठेव ऑक्टोबर 2025 मध्ये मुदत संपून मोकळी झाली. राजारामपुरीतल्या ज्या बँकेत तिचं वीस वर्षांचं खातं आहे, तिथल्या माणसानं सांगितलं, "काकू, एफडीपेक्षा चांगली स्कीम आहे, एकदाच भरायचं, पाच वर्षांनी काढायचं." आईनं सह्या केल्या. नंतर आलेल्या फोनवर त्यानंच शिकवल्याप्रमाणं प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हटलं. आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं.

29 ऑक्टोबरला स्पीड पोस्टानं जाडजूड पाकीट आलं. आत आयुर्विम्याची पॉलिसी होती. वार्षिक हप्ता 1 लाख, विमा रक्कम 10 लाख, हप्ते भरायची मुदत 10 वर्षं. आईची महिन्याची पेन्शन 19 हजार आहे. दुसरा हप्ता कुठून आणणार होती ती?

आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती रद्द करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. हे आईला मी सांगितलं, आणि 3 नोव्हेंबरला ती एकटीच बँकेत गेली. तिथं तोच माणूस गोड बोलला. "दिवाळीच्या सुट्ट्यांमुळं सिस्टिमला एंट्री होत नाही, 15 तारखेनंतर या. मी आहे ना." आई विश्वासानं घरी आली. लेखी काहीच दिलं नव्हतं, म्हणजे कंपनीच्या दृष्टीनं तिनं रद्द करायला सांगितलंच नव्हतं.

18 नोव्हेंबरला मी स्वतः गेलो, पण बँकेत नाही. बँक फक्त विकणारी, पॉलिसी विमा कंपनीची. म्हणून कंपनीच्या शाखेत अर्ज दिला. त्यात फ्री-लूकमध्ये रद्द करत असल्याचं स्पष्ट लिहिलं, कारण दिलं, सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडला. मूळ पॉलिसीची झेरॉक्स आधीच काढून ठेवली होती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतला. काउंटरवरच्या मुलीनं "शिक्का लागत नाही, मेसेज येईल" म्हटलं, तरी मी हललो नाही.

24 तारखेला उत्तर आलं, अर्ज नामंजूर. कारण काय, तर ई-पॉलिसी 13 ऑक्टोबरला ईमेलवर पोहोचली, मुदत 12 नोव्हेंबरला संपली. "15 तारखेनंतर या" याचा अर्थ मला तेव्हा कळला. आई तर ईमेल वापरतच नाही! प्रपोजल फॉर्मची प्रत मागवली, तर त्यावर जो ईमेल पत्ता होता तो आमच्या घरातल्या कुणाचाच नव्हता. अक्षरही आईचं नव्हतं. खाली सही मात्र तिची.

आता आमच्याकडं पुरावा म्हणून ते पाकीटच होतं. आईनं त्याच्या मागं दुधाचा हिशेब लिहिला होता, म्हणून ते रद्दीत गेलं नाही. त्यावरच्या बारकोडच्या नंबरानं पोस्टाच्या साइटवर पोहोचल्याची तारीख निघाली, 29 ऑक्टोबर. त्या पानाचा फोटो लगेच घेऊन ठेवा. ही नोंद साइटवर कायम राहत नाही.

26 नोव्हेंबरला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी दोनच गोष्टी लिहिल्या. हा ईमेल आईचा असल्याचा पुरावा द्या. आणि पॉलिसी 29 तारखेला मिळाली, अर्ज 18 ला दिला, म्हणजे 20 दिवस झाले. हीच तक्रार विमा नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर टाकली. तिथून दाद मिळाली नसती, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जायची तयारी होती. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पण कंपनीनं तक्रार फेटाळलेली असावी लागते, किंवा तक्रार करून महिना उलटलेला असावा लागतो.

11 डिसेंबरला खात्यात 98,760 रुपये आले. फ्री-लूकमध्ये पूर्ण हप्ता परत मिळत नाही. जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांची जोखमीची रक्कम, स्टॅम्प ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापतात. आमच्या पत्रात जोखमीचे 1,040 आणि स्टॅम्पचे 200 दाखवले होते, तपासणी झाली नव्हती. यापेक्षा वेगळं काही, एजंटचं कमिशन वगैरे, कापलं असेल तर हिशेब लेखी मागा.

अर्ज मिळाल्यापासून 7 दिवसांत पैसे परत करायचे असतात, आम्हाला 23 दिवस लागले. उशिराच्या दिवसांचं व्याज मी मागितलंय, रक्कम छोटी आहे तरी सोडणार नाही. त्या ईमेल पत्त्याबद्दल बँकेलाही वेगळं पत्र दिलंय. त्या पत्राच्या प्रतीवरही शिक्का घेतलाय.